शेतकरी मुलाचं प्रोफाइल

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात एक मोर्चा निघाला. डोक्याला बाशिंग बांधलेले, काही घोड्यावर बसलेले तरुण जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. मागणी एवढीच होती, की आमची लग्नं होत नाहीत, गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा नीट राबवा. पुढच्याच फेब्रुवारीत कर्नाटकातल्या मंड्या भागातले अविवाहित शेतकरी तरुण महादेश्वराच्या डोंगरावर पायी गेले. दोन्ही ठिकाणी बहुतेक मुलं तिशीच्या आसपासची आणि कष्टाळू होती.

या मुलांपैकी बहुतेकांच्या मोबाइलमध्ये लग्न जुळवणारं एखादं तरी ॲप असतं. तालुक्याच्या गावात किराणा, हार्डवेअर किंवा कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या मुलांचीही तीच गोष्ट. त्यांच्याशी बोललं की एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘ही ॲपं ऑफिसवाल्यांसाठीच आहेत.’ ही तक्रार खरी आहे, पण त्यामागचं कारण बहुतेकांना ठाऊक नसतं. त्यांना वाटतं, मुलींनी आपलं प्रोफाइल बघितलं आणि नाकारलं. प्रत्यक्षात बऱ्याच वेळा ते कुणाच्या डोळ्यांपुढे आलेलंच नसतं.

ॲप ही मुळात चाळण आहे. मुलगी, आणि बहुतेक वेळा तिच्या वतीने तिचे वडील किंवा भाऊ, सुरुवातीला काही रकाने भरतात. वय किती ते किती, शिक्षण काय, नोकरी की व्यवसाय, वार्षिक उत्पन्न किमान किती, राहण्याचं ठिकाण कुठलं. पुढे रोज जी स्थळं दिसतात ती या रकान्यांतून खाली आलेली असतात. उत्पन्नाचा रकाना रिकामा असलेलं प्रोफाइल ‘किमान ३ लाख’ अशी अट घातली की आपोआप बाहेर पडतं. काही ॲपवर तर अटींबाहेरच्या माणसाने पाठवलेली मागणी वेगळ्या कप्प्यात जाते आणि तो कप्पा कुणी उघडत नाही. हे रकाने महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या माणसाला समोर ठेवून आखलेले आहेत. त्याला एक कंपनी असते, एक हुद्दा असतो, एक आकडा असतो. शेतकऱ्याला यातलं एकही सरळ भरता येत नाही, म्हणून तो रकाना सोडून देतो किंवा अंदाजाने काहीतरी ठोकतो. नुकसान तिथेच होतं.

म्हणून उत्पन्नाचा रकाना आधी घेऊ. एक उदाहरण धरू. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव बाजूचा, २९ वर्षांचा, बी. कॉम. झालेला तरुण. ताकारी योजनेच्या पाण्याखाली चार एकर. तीन एकर ऊस, एक एकर टोमॅटो. गोठ्यात चार संकरित गाई, त्यातल्या तीन कायम दुधात. असा मुलगा उत्पन्न लिहिताना दोनपैकी एक चूक करतो. एक तर ‘शेतीचं काही सांगता येत नाही’ म्हणून रकाना रिकामा ठेवतो. नाहीतर कारखान्याचं बिल, दुधाचा पगार आणि टोमॅटोच्या चांगल्या वर्षाची पट्टी एकत्र करून ‘दहा लाख’ लिहितो. दहा लाख हा आकडा खोटा नाही, पण ती उलाढाल आहे. मुलीचे वडील शेतकरीच असतील तर चार एकरांत दहा लाख निव्वळ म्हटल्यावर त्यांना पहिल्याच क्षणी शंका येते आणि पुढचं सगळं खरं असलं तरी खोटं वाटू लागतं.

हिशेब असा करावा. लागण आणि खोडवा मिळून वर्षाला सरासरी ११० टन ऊस जातो असं धरू. टनाला ३,१०० रुपये दराने ३ लाख ४१ हजार. तोडणी आणि वाहतूक कारखान्याकडून होते. मशागत, बेणं, खतं, पाणीपट्टी, वीज, भांगलण यांचे १ लाख ६० हजार वजा केले की १ लाख ८१ हजार उरतात. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो, म्हणून एका वर्षाचं बिल धरू नये. तीन वर्षांची बिलं घेऊन सरासरी काढावी. दूध दिवसाला तीस लिटर आणि दर ३२ रुपये धरला तर वर्षाला साधारण साडेतीन लाख येतात. पेंड, चारा, डॉक्टर आणि भाकड गाईचा खर्च २ लाख ३० हजार काढल्यावर १ लाख २० हजार हातात राहतात. टोमॅटोत गेल्या तीन वर्षांत एकदा १ लाख ९० हजार मिळाले, एकदा ४५ हजार अंगावर आले, एकदा ६५ हजार सुटले. सरासरी ७० हजार. तिन्ही मिळून ३ लाख ७१ हजार, म्हणजे महिन्याला साधारण ३१ हजार. रकान्यात ‘३ ते ४ लाख’ हा गट निवडावा.

या आकड्यावर मुलं नाराज होतात. एवढंच का, म्हणतात. पण ‘किमान ३ लाख’ या चाळणीतून हा आकडा खाली येतो आणि रिकामा रकाना येत नाही. पिंपरी-चिंचवडला पंचवीस हजार पगारावर असलेल्या मुलाच्या खिशातून खोलीचं भाडं आणि रोजचं दूध वेगळं जातं, इथे घर आणि दूध घरचं आहे, हे मुलीच्या आईला समजावून सांगावं लागत नाही. समजा ॲपवर कुटुंबाच्या उत्पन्नाचा आणि मुलाच्या उत्पन्नाचा असे दोन रकाने आहेत आणि भावाचा त्यात वाटा आहे, तर मुलाच्या रकान्यात त्याच्या वाट्यालाच येणारी रक्कम लिहावी.

आता जमीन. प्रोफाइलमध्ये सर्वांत जास्त फुगवला जाणारा आकडा हाच. ‘४ एकर बागायत’ असं मुलगा लिहितो. सातबारा बहुतेक वेळा वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असतो, एक भाऊ पुण्यात असतो, बहीण सासरी असते. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचाही मुलाइतकाच वाटा आहे. आणि मुलीकडच्यांना हे तपासायला तलाठ्याकडे जावं लागत नाही. महाभूलेखच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर टाकला की पाहण्यापुरता सातबारा फुकट दिसतो. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा ‘इतर हक्क’ या रकान्यात लिहिलेला असतो. ८अ काढला की त्या खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन एका कागदावर येते. तेव्हा ‘कुटुंबाची ४ एकर, वडिलांच्या नावावर, आम्ही दोन भाऊ एक बहीण’ असं आपणच लिहिलेलं बरं.

कर्जाचंही तसंच. पीक कर्ज लपवायचं काही कारण नाही. ते वेळेत फेडलं तर ३ लाखांपर्यंत केंद्राच्या आणि राज्याच्या व्याज सवलतीमुळे शेतकऱ्यावर व्याजाचा बोजा पडत नाही, आणि गावाकडच्या माणसाला हे माहीत असतं. लपवलेलं सावकारी कर्ज किंवा ट्रॅक्टरचे थकलेले हप्ते लग्नानंतर निघाले तर संसाराची सुरुवातच संशयाने होते. असं कर्ज असेल तर प्रोफाइलमध्ये नको, पण पहिल्या बैठकीत आकड्यासकट सांगावं.

दुकानदाराचा गोंधळ वेगळा आहे. गल्ल्यात रोज आठ हजार पडतात म्हणून तो महिन्याला अडीच लाख कमावतो असं होत नाही. किराण्यात सरासरी दहा-बारा टक्के सुटतात असं धरलं तर महिन्याला सव्वीस हजारांच्या आसपास राहतात. त्यातून भाडं, वीज आणि बुडालेली उधारी काढली की अठरा-एकोणीस हजार. दुकानदाराजवळ एक गोष्ट मात्र शेतकऱ्याकडे नसलेली असते. तो छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या सोप्या पद्धतीने, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर नफा धरून, आयकर विवरणपत्र भरू शकतो. दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं आणि शॉप ॲक्टची नोंदणी हातात असली की पगाराच्या पावतीची उणीव बरीचशी भरून निघते. शेतकऱ्यालाही विवरणपत्र भरून त्यात करमुक्त शेती उत्पन्न दाखवता येतं. ते नसेल तर कारखान्याची बिलं, दूध संघाचं पासबुक आणि बँकेचा उतारा पुरतो. हे कागद ॲपवर टाकायचे नाहीत. ते बैठकीत दाखवायचे असतात. गट नंबर आणि खाते क्रमांक असलेले कागद अनोळखी माणसांच्या हातात देण्याची काही गरज नाही.

बाकीच्या रकान्यांपैकी दोनच महत्त्वाचे. व्यवसायाच्या यादीत ‘शेती’ हा पर्याय असतो, पण कधी कधी तो तळाशी असतो, मग मुलं ‘इतर’ किंवा ‘नोकरी नाही’ निवडतात. ‘नोकरी नाही’ हा पर्याय मुलाला बेकारांत नेऊन बसवतो. शेतीबरोबर दूध किंवा दुकान असेल तर ‘स्वतःचा व्यवसाय’ निवडता येतो आणि पुढे मजकुरात शेती स्पष्ट लिहिता येते. यात फसवणूक नाही, दुधाचा धंदा हा धंदाच आहे. दुसरा रकाना ठिकाणाचा. गावाचं नाव यादीत नसतं, म्हणून मुलं पुणे निवडतात. तसं करू नये. तालुका किंवा जिल्हा निवडावा, आणि गावापासून कॉलेज, दवाखाना आणि एस. टी. स्टँड किती लांब आहे हे मजकुरात लिहावं.

इथपर्यंतचं काम फक्त दिसण्यासाठीचं आहे. दिसल्यावर मुलगी जे वाचते तो ‘माझ्याविषयी’ हा मोकळा मजकूर, आणि तिथे आपली मुलं जवळजवळ एकसारखं लिहितात. निर्व्यसनी, मनमिळाऊ, घरंदाज, मोठ्यांचा आदर करणारा. यातून मुलीला काहीच कळत नाही. शेतकरी स्थळ नाकारणाऱ्या मुलींना ऐषआरामाचा सोस आहे असं मी मानत नाही. ज्या मुलीने आईला पहाटे धारा काढून, स्वयंपाक करून, दिवसभर भांगलून संध्याकाळी पुन्हा चुलीपुढे बसलेलं पाहिलं आहे, आणि त्या आईचं नाव सातबाऱ्यावर कुठेच नाही हेही पाहिलं आहे, तिला शेती म्हणजे काय ते मुलापेक्षा चांगलं कळतं. तिचे प्रश्न नेमके आहेत. मला रानात जावं लागेल का? गोठा कोण बघणार? मी डी. एड. केलंय, नोकरी लागली तर करू द्याल का? घरात आमची वेगळी खोली आहे का, संडास-बाथरूम आत आहे की परसात? उन्हाळ्यात पाणी कुठून आणायचं? पैसे कुणाच्या हातात असतात? या प्रश्नांची उत्तरं न मागता आधीच देणारं प्रोफाइल मी क्वचित पाहिलं आहे.

आपल्या उदाहरणातल्या तरुणाने बहुधा असं लिहिलं असतं: ‘मी साध्या स्वभावाचा, निर्व्यसनी मुलगा आहे. प्रगतशील शेतकरी. चार एकर बागायत, बंगला, गाडी. मुलगी सुंदर, सुशील, घरकाम येणारी, कुटुंबात मिसळणारी हवी.’ त्याऐवजी त्याने हे लिहावं:

‘बी. कॉम. झाल्यावर मी सहा वर्षं घरची शेती आणि दूध बघतो. कुटुंबाची चार एकर जमीन वडिलांच्या नावावर आहे, तीन एकर ऊस आणि एक एकर भाजीपाला. गाई चार, धारा मी आणि वडील मशीनने काढतो. सगळा खर्च जाऊन तीन वर्षांची सरासरी पावणेचार लाख आहे. टोमॅटोत एका वर्षी तोटाही झाला. पीक कर्ज आहे, दरवर्षी वेळेत फेडतो. घर पक्कं आहे, वरच्या मजल्यावर वेगळी खोली आणि बाथरूम आहे. तालुक्याचं गाव नऊ किलोमीटर, एस. टी. दर तासाला. लग्नानंतर रानात यायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. तुम्हाला नोकरी किंवा पुढे शिक्षण करायचं असेल तर मला हवंच आहे. आईला संधिवात आहे, त्यामुळे घरात काम असतं, ते मीही करतो. बारावी पुढे शिकलेली, स्पष्ट बोलणारी मुलगी असावी असं वाटतं.’

यात एकही विशेषण मुलाने स्वतःला लावलेलं नाही. आईचा संधिवात आणि टोमॅटोचा तोटा या दोन गोष्टींमुळे काही जण तिथेच थांबतील, आणि थांबलेले बरे, कारण ते पाहण्याच्या कार्यक्रमानंतर थांबलेच असते. जे पुढे येतील त्यांना बाकीचं खरं वाटेल. लिहिलेलं सगळं खरं असलं पाहिजे, हे ओघानेच आलं. ‘धारा मी काढतो’ असं लिहून सून आल्यावर गोठा तिच्या गळ्यात घालायचा असेल तर ती फसवणूक आहे, आणि आजकाल ती मुलगी चार महिन्यांत माहेरी परत जाते.

शक्य असेल तर एक गोष्ट मी आणखी लिहायला सांगेन, पण घरात बोलून. चांदवडला १९८६ मध्ये शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं आणि त्यानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम चालवली. शेतकऱ्याने जमिनीचा काही हिस्सा बायकोच्या नावावर करायचा, अशी ती मोहीम होती. अनेक गावांत शेतकऱ्यांनी ते आपणहून केलं. तेव्हा ते ऋण फेडणं मानलं गेलं. आज चाळीस वर्षांनी, जिथे मुलगी शेतीत जाऊन आपलं काय होणार या भीतीने नाही म्हणते, तिथे ‘वाटणीत माझ्या नावावर जमीन आली की अर्धी पत्नीच्या नावावर करीन’ हे वाक्य बंगला आणि गाडीपेक्षा जास्त बोलतं. ज्याला ते पाळायचं नाही त्याने लिहू नये.

फोटोंबद्दल थोडक्यात. दिवसाच्या उजेडातला, चेहरा नीट दिसणारा एक. कामावरचा एक, गोठ्यात किंवा दुकानाच्या गल्ल्यावर. आईवडिलांबरोबर एक. मित्राच्या बुलेटवर गॉगल लावून काढलेला नको. आणि प्रोफाइल करून सोडून देऊ नका. बऱ्याच ॲपवर नुकतंच कोण येऊन गेलं ते वर दिसतं, त्यामुळे महिनाभर न उघडलेलं प्रोफाइल तळाला जातं.

आता स्वतःच्या अटींकडे बघा. मुलीची चाळण बारीक आहे अशी तक्रार करणाऱ्या मुलाने स्वतःची चाळण किती बारीक ठेवली आहे? पोटजात, गोत्र, मंगळ, उंची, रंग, तीन वर्षांपेक्षा जास्त अंतर नको, घटस्फोटित नको, विधवा नको. यातली एकेक अट घरच्यांनी सहज टाकलेली असते. रंगाची अट तर काढूनच टाकावी. पोटजातीची आणि मंगळाची अट सैल केली की दिसणाऱ्या स्थळांची संख्या ताबडतोब वाढते, हे अट काढून लगेच पाहता येतं.

फसवणुकीचीही जाणीव हवी. ज्यांची लग्नं होत नाहीत अशा घरांना गाठून, लाख-दोन लाख घेऊन लग्न लावून देणाऱ्या आणि दागिन्यांसह नवरी पसार होणाऱ्या टोळ्यांवर राज्यात अनेक ठिकाणी गुन्हे दाखल झाले आहेत. खुणा ओळखता येतात. मध्यस्थ आठवड्याभरात लग्न उरकायची घाई करतो, मुलीच्या गावी जाऊ देत नाही, नातेवाईक म्हणून दोनच माणसं येतात, आणि आधी पैसे मागतो. ॲपवर ओळख झालेली व्यक्ती व्हिडिओवर यायला टाळते आणि आजारपणासाठी पैसे मागते. मुलीच्या गावच्या सरपंचाला किंवा पोलीस पाटलाला एक फोन करा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवा.

हे सगळं नीट केलं तरी लग्न जमेलच असं नाही, आणि त्यासाठी कुणी स्वतःला दोष देऊ नये. आज पंचवीस ते तीस वर्षांची असलेली मुलं २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालची होती. तेव्हा महाराष्ट्रात त्या वयोगटात हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या. सांगली जिल्ह्यात ८५१ आणि कोल्हापुरात ८३९. हेच जिल्हे उसाचे, दुधाचे आणि सुबत्तेचे. ज्या घरांनी तेव्हा मुली होऊ दिल्या नाहीत त्यांच्याच आसपासच्या घरांत आज स्थळं शोधली जात आहेत. उरलेल्या मुलींपैकी अनेक शिकून शहरात गेल्या. २०११ मध्ये राज्याचा आकडा ८९४ वर आला, बीडचा तर ८०७, आणि ती मुलं आता लग्नाच्या वयाला येत आहेत. कोणतंही प्रोफाइल ही उणीव भरून काढू शकत नाही. ते एवढंच करतं, की ज्या मुलीला आपल्यासारखं घर चालणार आहे तिच्यापर्यंत आपण पोचतो.

ॲप चालवणाऱ्यांनाही सांगणं आहे. वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यात ‘तीन वर्षांची सरासरी’ हा पर्याय द्या, जमिनीसाठी बागायत आणि जिरायत वेगळं लिहायची सोय करा, आणि उत्पन्न न लिहिलेल्याला आपोआप गाळू नका. यातलं काहीही अवघड नाही.

आणि मुलांनो, मुलीकडचे पाहायला बोलावतील तेव्हा आधी त्यांना तुमच्या घरी बोलवा. मुलीला तिच्या आईबरोबर येऊ द्या, गोठा, विहीर, स्वयंपाकघर, वरची खोली सगळं दाखवा, आणि अर्धा तास तिला तुमच्या आईशी एकटीला बोलू द्या.